एनएस१ च्या रकान्यातला `0` म्हणजे नेमकं काय? विस्कळीत यादीतून डेटा डिक्शनरी बांधताना परत परत येणारी अडचण

अडचण अशी. फाईल एकच, रुग्ण तेच, आणि तरी डेंग्यूच्या एनएस१ चाचणीचं पॉझिटिव्ह प्रमाण रेसिडेंट डॉक्टरांच्या हिशेबात ६३ टक्के, तर त्यांच्या गाईडच्या हिशेबात ४० टक्के. दोघांची बेरीज बरोबर होती. मी त्यांची गणितं पुन्हा करून पाहिली, कुठेच चूक नव्हती. दोघांनी `0` या कोडचा अर्थ वेगळा घेतला होता, एवढंच.

हा अभ्यास मुंबईतल्या एका रुग्णालयाच्या मेडिसिन विभागातला, पावसाळ्यात तापासाठी भरती झालेल्या ७२ रुग्णांचा. एमडीचा थीसिस. माझ्याकडे फाईल आली ती एक्सेलची, आणि सोबत ४८ व्हेरिएबलांची यादी. त्या यादीवरून डेटा डिक्शनरी, म्हणजे प्रत्येक व्हेरिएबलचं नाव, कोड आणि त्यांचा अर्थ सांगणारा तक्ता, करून द्या, म्हणजे पुढचं विश्लेषण सोपं होईल, अशी मागणी. यादीचा सुरुवातीचा भाग जसाच्या तसा देते:

```
NS1      1=pos 2=neg 0=ND
IgM      1/2
PLT      lakhs
fever    days (9=NK)
sex      1 M 2 F
DOA
```

ही यादी वाचून लगेच डिक्शनरीच्या ओळी भरायला बसायचं, ही चूक मी स्वतः पूर्वी केली आहे. यादी म्हणजे कुणीतरी पहिल्या आठवड्यात ठरवलेलं, तेही निम्मं डोक्यात ठेवून. प्रत्यक्ष एन्ट्री चार महिने चालते, मधे पोस्टिंग बदलतं, नवा हात येतो आणि तो आपल्या सवयीने कोड टाकतो. यादी तशीच राहते. म्हणून डिक्शनरी यादीवरून केली तर ती फाईलबद्दल खोटं सांगते, आणि नुसत्या फाईलवरून केली तर कोडचा अर्थच कळत नाही. यादी, फाईल आणि केस पेपर, तिन्ही समोर लागतात. तिघांत मतभेद झाला तर केस पेपर आणि लॅबचा छापील रिपोर्ट खरा धरायचा.

आधी फाईलमध्ये काय आहे ते मोजा

मूळ फाईलची एक प्रत बाजूला ठेवा आणि तिला पुन्हा हात लावू नका. मग प्रत्येक रकान्यात कोणकोणत्या किमती किती वेळा आल्या आहेत ते काढा. मी आर वापरते. सगळे रकाने अक्षर म्हणून वाचायचे, नाहीतर सॉफ्टवेअर स्वतःच अर्थ लावू लागतं:

```r
d <- read.csv("fever_raw.csv", colClasses = "character",
              na.strings = character(0), check.names = FALSE)
for (i in seq_along(d)) {
  cat("\n", names(d)[i], "\n")
  print(sort(table(d[[i]]), decreasing = TRUE))
}
```

`na.strings` रिकामं ठेवण्याचं कारण असं की कुणी हाताने `NA` लिहिलं असेल तर ते आपल्याला तसंच दिसायला हवं. रिकामी जागा वेगळी आणि लिहिलेलं `NA` वेगळं. ७२ ओळींच्या फाईलचं हे सगळं वाचायला तासभर लागतो. तो तास वाचवू नका. एकदाच आलेली विचित्र किंमत बऱ्याचदा सगळ्यात जास्त सांगून जाते.

एनएस१ च्या रकान्यात `1` २९ वेळा, `2` १७ वेळा आणि `0` २६ वेळा. यादीप्रमाणे `0` म्हणजे चाचणी केलीच नाही. मग ७२ पैकी २६ जणांची चाचणी झाली नाही असा अर्थ होतो. डेंग्यूच्या दिवसांत, तापाच्या वॉर्डात, हे मला पटेना. चाचणी न करायलाही कारण असतं. एनएस१ अँटिजेन तापाच्या पहिल्या काही दिवसांतच नीट सापडतो, म्हणून सातव्या-आठव्या दिवशी आलेल्या रुग्णाचा नमुना अनेकदा फक्त आयजीएमसाठी पाठवतात. पण `0` असलेल्यांपैकी बरेचजण दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आलेले होते.

कोडची सवय कधी बदलली ते शोधा

इथे एक साधी युक्ती कामी येते. तोच कोड अभ्यासाच्या सुरुवातीच्या आणि शेवटच्या रुग्णांत वेगवेगळा मोजायचा. यासाठी तारखेचा रकाना वापरू नका, कारण त्याच्याच अडचणी असतात. त्या पुढे सांगते. रुग्णाचा अभ्यासातला अनुक्रमांक वापरा.

```r
sn <- as.integer(d$study_no)
table(NS1 = d$NS1, half = sn > 37)
```

३७ हा आकडा मी अंदाजाने घेतला नाही. फाईल खालपर्यंत सरकवत पाहिलं तेव्हा `2` हा कोड ३७ क्रमांकानंतर एकदाही दिसला नाही. पहिल्या ३७ जणांत `1` १४, `2` १७ आणि `0` ६. पुढच्या ३५ जणांत `1` १५, `0` २० आणि `2` शून्य.

एखादा कोड मधूनच कायमचा नाहीसा होतो तेव्हा रोग बदललेला नसतो, एन्ट्री करणारा बदललेला असतो. रेसिडेंट डॉक्टरांना फोन केला.

"डॉक्टर, ३८ नंबरपासून एन्ट्री कोणी केली?"

"मॅडम, माझं पोस्टिंग बदललं होतं. ज्युनिअरने केली. पण यादी त्याच्याकडे दिली होती."

ज्युनिअरला विचारलं तर त्याने सरळ सांगितलं: कॉलेजात शिकताना शून्य म्हणजे नाही, एक म्हणजे हो, असंच वापरलं होतं, म्हणून निगेटिव्ह रिपोर्टला शून्य टाकला. "आणि चाचणी झाली नसेल तर?" तो थोडा थांबला. "त्यालाही शून्यच टाकलाय, मॅडम."

प्रामाणिकपणे सांगितल्याबद्दल मी त्याचे आभार मानले. कारण याच उत्तरावर पुढचं सगळं अवलंबून होतं. पहिल्या भागातल्या ६ शून्यांचा अर्थ यादीप्रमाणे नक्की होता. दुसऱ्या भागातल्या २० शून्यांत दोन अर्थ मिसळले होते, आणि ते कुठल्याही सूत्राने वेगळे करता येणार नव्हते. तापाच्या दिवसावरून अंदाज बांधता आला असता, पण तसं केलं की निकालाचाच अंदाज करून तो डेटा म्हणून भरल्यासारखं होतं. त्यामुळे वीसच्या वीस केस पेपर काढायला लावले.

रेकॉर्ड रूममध्ये दोन दुपारी गेल्या. १३ जणांचा रिपोर्ट निगेटिव्ह निघाला. ५ जणांची चाचणी पाठवलीच नव्हती. २ जणांच्या पेपरमध्ये नमुना पाठवल्याची नोंद होती, पण रिपोर्ट लावलेला नव्हता आणि लॅबच्या रजिस्टरमध्येही सापडला नाही.

आता हिशेब बघा. पॉझिटिव्ह २९. निगेटिव्ह १७ आणि १३ मिळून ३०. म्हणजे निकाल हातात असलेले ५९, आणि प्रमाण ४९ टक्के. गाईडनी सगळे शून्य निगेटिव्ह धरून २९ ला ७२ ने भागलं, म्हणून ४० आलं. रेसिडेंटनी सगळे शून्य वगळून २९ ला ४६ ने भागलं, म्हणून ६३ आलं. खरा आकडा दोघांपैकी कुणाचाच नव्हता.

डिक्शनरीत ही ओळ कशी लिहायची

इथे मोह होतो तो मूळ `NS1` रकान्यातच दुरुस्ती करायचा. करू नका. जुना रकाना तसाच राहू द्या आणि नव्या नावाचा रकाना करा. नव्या रकान्यात `0` हा कोडच ठेवू नका, कारण या फाईलपुरता तो नासला आहे. सहा महिन्यांनी कुणी पाहिलं तर कुठला शून्य जुना आणि कुठला नवा, हे त्याला कळायची सोय नसते.

डेटा आम्ही रेडकॅप या संशोधनाचा डेटा भरायच्या सॉफ्टवेअरमध्ये घालणार होतो, म्हणून ओळ त्या साच्यात. डिक्शनरीच्या सीएसव्हीचे पहिले सात रकानेच देते:

```
"ns1_res","fever_day1","","radio","NS1 antigen result",
"1, Positive | 2, Negative | 77, Not done | 99, Report not found",
"Source: lab printout only. Old column NS1 kept."
```

वाचायला सोपं व्हावं म्हणून इथे तीन ओळींत तोडलं आहे. फाईलमध्ये ती एकच ओळ असते. पर्यायांमधली उभी रेघ आणि कोडनंतरचा स्वल्पविराम हा रेडकॅपचा ठरलेला साचा आहे. व्हेरिएबलच्या नावात लहान इंग्रजी अक्षरं, आकडे आणि अंडरस्कोर एवढंच चालतं. रेडकॅप नसेल तरी एक्सेलमध्ये हेच रकाने करा, काही बिघडत नाही.

`77` आणि `99` वेगळे का, असं गाईडनी विचारलं. चाचणी केली नाही, यामागे बहुतेक वैद्यकीय कारण असतं: रुग्ण उशिरा आला. रिपोर्ट सापडला नाही, ही आपली हरवाहरवी असते. पहिल्या गटात उशिरा आलेलेच रुग्ण जास्त असणार, म्हणून त्यांना वगळताना त्याचा परिणाम काय होतो ते थीसिसमध्ये लिहावं लागतं. दुसऱ्याबद्दल तसं म्हणता येत नाही. आणि रिकामी जागा हा तिसराच अर्थ: एन्ट्री अजून व्हायची आहे.

हे कोड फक्त पर्यायवाल्या व्हेरिएबलांना. आकड्याच्या व्हेरिएबलात `99` टाकलं की ते सरासरीत जाऊन बसतं. यादीत तापाच्या दिवसांपुढे लिहिलेलं `9=NK` बघा. नऊ दिवसांचा ताप घेऊन माणूस येऊ शकतो की नाही? फाईलमध्ये `9` चार वेळा होता. पेपर पाहिल्यावर तिघांना खरोखर नऊ दिवस ताप होता, एकाचंच माहीत नव्हतं. तिथे आकडा रिकामा ठेवला आणि शेजारी `fever_days_why` असा कारणाचा रकाना केला.

रेडकॅपबद्दल एक धोक्याची गोष्ट. साठवला जातो तो कोडचा आकडा, त्याचं नाव साठवलं जात नाही. एन्ट्री सुरू झाल्यावर तुम्ही डिक्शनरीत `1` आणि `2` यांची नावं अदलाबदल केलीत तर आधीच्या सगळ्या रुग्णांचे निकाल एका क्षणात उलटे होतात, आणि पडद्यावर सगळं व्यवस्थित दिसत राहतं. पर्याय वाढवायचा असेल तर नवा आकडा घ्या. जुना आकडा दुसऱ्या अर्थाने वापरू नका. आयजीएमला हेच करावं लागलं. एलायझाच्या रिपोर्टवर इक्विव्होकल असा तिसरा निकालही येतो, यादीत त्याला जागाच नव्हती. एकाने तो रिकामा सोडला होता, दुसऱ्याने `1` केला होता. आम्ही `3` जोडला.

प्लेटलेट: एकक ओळखू येतं, पण नेमक्या जिवावरच्या जागी येत नाही

यादीत `PLT lakhs`. फाईलमध्ये `1.4`, `42`, `18000`, `1,10,000`, `42K`, `<10,000` सगळं. कारण उघड आहे. आपल्याकडे वॉर्डात बोलताना लाखात बोलतात, एका लॅबचं मशीन `x10³/µL` मध्ये छापतं, दुसऱ्या लॅबचा रिपोर्ट `/cumm` मध्ये येतो. एक क्यूबिक मिलिमीटर म्हणजेच एक मायक्रोलिटर, त्यामुळे १.४ लाख, १४० हजार आणि १,४०,००० हे एकच.

`1,10,000` हे स्वल्पविरामामुळे आरला आकडा वाटतच नाही. `as.numeric` केलं की ते गुपचूप `NA` होतं, नुसती एक सूचना येते. आधी मजकूर साफ करा, मगच आकडा करा.

बहुतेक जण मग नियम लावतात: ५ पेक्षा कमी असेल तर लाख, १००० पेक्षा जास्त असेल तर पूर्ण आकडा, मधलं सगळं हजारात. सत्तर ओळींना हा नियम बरोबर लागतो. दोन ओळींत `3` होता. एका रुग्णाच्या पेपरवर दुसऱ्या दिवसाचा ताप, प्लेटलेट ३ लाख, आणि पुढच्या दिवशी २.६ लाख. दुसऱ्याच्या छापील रिपोर्टवर `3` च्या पुढे `x10³/µL`, आणि त्याच दिवशी प्लेटलेट चढवल्याची नोंद. म्हणजे तीन हजार. नियम लावला असता तर या अभ्यासातल्या सगळ्यात गंभीर रुग्णांपैकी एकजण सगळ्यात चांगल्या प्लेटलेटवाल्यांत जाऊन बसला असता. किंमत शंभरपट चुकली असती, आणि ती तिथेच चुकली असती जिथे तिला सगळ्यात जास्त महत्त्व आहे.

म्हणून एक रकाना पुरत नाही. रिपोर्टवर छापलंय तो आकडा `plt_val`, रिपोर्टवर छापलंय ते एकक `plt_unit`, `<` असेल तर त्यासाठी `plt_sign`, आणि या सगळ्यावरून काढलेला हजारांतला आकडा `plt_k`. एन्ट्री करणाऱ्याने डोक्यात रूपांतर करायचं नाही, बघून उतरवायचं. रूपांतर डिक्शनरी करेल:

```
if([plt_unit]='1', [plt_val]*100,
 if([plt_unit]='2', [plt_val],
  if([plt_unit]='3', [plt_val]/1000, '')))
```

एकक `1` लाख, `2` हजार, `3` पूर्ण आकडा. `<10,000` हे `10000` म्हणून भरताना `plt_sign` मध्ये `<` राहिलंच पाहिजे. ते गाळलं तर मशीनने मोजू न शकलेला आकडा आपण मोजल्याचा दावा करतो.

`plt_val` ला किमान-कमाल मर्यादा घालून उपयोग नाही, तीन एककांना एकच मर्यादा कशी चालेल? शिवाय रेडकॅपमधली मर्यादा फक्त इशारा देते, आकडा अडवत नाही. त्याऐवजी `plt_k` वर तपासणीचा नियम ठेवा:

```
[plt_k]<>'' and ([plt_k]<5 or [plt_k]>500)
```

हा नियम त्या तीन हजारवाल्या रुग्णालाही पकडतो, आणि पकडायलाच हवा. नियमात अडकलेला आकडा पुसायचा नसतो, त्याचा पेपर काढून बघायचा असतो.

प्लेटलेटमध्ये निदान बहुतेक ओळी स्वतःच आपलं एकक सांगतात. सीआरपीमध्ये तेही होत नाही. `mg/L` आणि `mg/dL` यांत फरक फक्त दहापट, आणि तापाच्या रुग्णांत ४ हा आकडा दोन्ही एककांत अगदी शक्य असतो. तिथे आलेख काढून, गठ्ठे शोधून काही हाती लागत नाही. फाईलमध्ये एककाचा रकाना नसेल आणि छापील रिपोर्टही मिळत नसेल, तर तो आकडा वापरू नका. आम्ही ११ रुग्णांचा सीआरपी असाच सोडून दिला. रेसिडेंटना वाईट वाटलं, मलाही वाटलं, पण कुठल्या एककात मोजलाय ते माहीत नसलेला आकडा हा आकडाच नव्हे.

तारखांचं थोडक्यात

`DOA` म्हणजे भरती झाल्याची तारीख. ज्या संगणकावर एक्सेलची मांडणी अमेरिकन पद्धतीची आहे तिथे `07/08` टाकलं की एक्सेल ते ८ जुलै समजतं, ७ ऑगस्ट नव्हे. `23/08` मात्र त्याला कळत नाही, म्हणून ते मजकूर म्हणून पडून राहतं. ओळखायची खूण डोळ्यांना दिसते: एकाच रकान्यात काही तारखा उजवीकडे चिकटलेल्या, काही डावीकडे. डावीकडच्या तुम्ही टाईप केल्या तशाच आहेत. उजवीकडच्या, म्हणजे बारापर्यंतच्या दिवसांच्या, उलटल्या असू शकतात. पावसाळी अभ्यासात जुलैही खरा वाटतो आणि ऑगस्टही, त्यामुळे नुसतं बघून संशय येत नाही. डिस्चार्जची तारीख भरतीच्या आधीची निघते का, आणि अनुक्रमांक वाढताना तारीख मागे उडी मारते का, एवढं तपासा. यासाठीच मघाशी अनुक्रमांकावर मोजा म्हटलं. डिक्शनरीत तारखेच्या ओळीपुढे `date_dmy` लिहा आणि एन्ट्री तिथेच करा, एक्सेलमधून चिकटवू नका.

रुग्णाचा इनडोअर नंबर आणि मोबाईल नंबर यादीत असतील तर त्यांच्या ओळीत `Identifier?` खाली `y` टाका, म्हणजे विश्लेषणासाठी फाईल बाहेर काढताना ते वगळता येतात. आमच्या मूळ एक्सेलमध्ये दोन्ही होते आणि ती फाईल तोवर व्हॉट्सअ‍ॅपवर चौघांकडे गेली होती. ती चौघांकडून पुसून घेतली.

शेवटी डिक्शनरीला बदलांच्या नोंदीचं एक पान जोडलं. त्यावर प्रत्येक दुरुस्तीची एक ओळ: कुठलं व्हेरिएबल, कुठला रुग्ण, जुनी किंमत, नवी किंमत, कुठल्या कागदावरून, कुणी, कधी. एनएस१ च्या २० ओळी तिथे आहेत. त्यातल्या शेवटच्या दोन ओळींत नवी किंमत `99` आहे आणि कागदाच्या रकान्यात रेसिडेंटनी स्वतःच्या हाताने लिहिलं आहे: केस पेपर पाहिला, लॅब रजिस्टर पाहिलं, रिपोर्ट नाही.